सरप्राईज पार्टीच्या फोटोखाली काय लिहावं: ज्याच्यासाठी पार्टी झाली त्यानं लिहायचा मजकूर

सरप्राईज पार्टीचा फोटो सगळेच टाकतात. पाहुणे टाकतात, भाचे-पुतणे टाकतात, केक आणणारा दोस्तही टाकतो. पण लोक वाट बघतात ती एकाच माणसाच्या मजकुराची. ज्याला धक्का बसला त्यानं काय लिहिलंय, हे प्रत्येकाला वाचायचं असतं, आणि नेमकं तिथंच बहुतेक वेळा सत्कार समारंभाच्या बातमीसारखं काहीतरी लिहिलेलं सापडतं. त्याचं कारण सोपं आहे. धक्का बसलेला माणूस लिहायला बसतो तेव्हा धक्का ओसरलेला असतो आणि हाताशी उरतात ती फ्लेक्सवर वाचलेली वाक्यं.

इथं एकच प्रसंग धरून शेवटपर्यंत जाऊ. परभणीत खत-बियाणाचं दुकान असलेला एक गृहस्थ. जानेवारीतला रविवार, पन्नासावा वाढदिवस. दिवसभर घरात कुणी वाढदिवसाचं नाव काढलं नाही. संध्याकाळी सात वाजता शेतावरून फोन आला की मोटार चालत नाही. तो टेस्टर खिशात घालून शेतात पळाला. विहिरीपाशी पोचला आणि लाईट लागली. समोर आगटी पेटवलेली, हुरड्याची तयारी झालेली आणि पस्तीस माणसं उभी. भाचीनं फोटो काढला. त्यात हा माणूस हातात टेस्टर धरून, तोंड उघडं ठेवून उभा आहे. आता या फोटोखाली त्यानं काय लिहायचं?

लिहिण्याआधी माहिती गोळा करा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. ज्याच्यासाठी पार्टी असते त्याला पार्टीची सगळ्यात कमी माहिती असते, कारण सगळं त्याच्यापासूनच लपवलेलं असतं. म्हणून त्याच रात्री, माणसं पांगायच्या आत, कट रचणाऱ्यांकडून तीन गोष्टी काढून घ्याव्यात. हे कधी ठरलं? मला तिथवर आणायची थाप कुणाची आणि ती मारली कुणी? आणि कुणाला यासाठी सगळ्यात जास्त त्रास पडला? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण ज्यानं जास्त केलंय तो आपणहून सांगत नाही. बाकीच्यांना विचारावं लागतं.

आपल्या प्रसंगात असं कळलं. बायकोनं तीन आठवड्यांपूर्वी ठरवलं होतं. मोटारीची थाप मेहुण्याची, पण फोन केला शेतावरच्या मामांनी, कारण त्यांच्या फोनवर शंका येणार नव्हती. लेक पुण्याला नोकरीला. सुट्टी नाही असं तिनं सांगितलं होतं, प्रत्यक्षात ती रात्रभर बसनं येऊन दिवसभर मावशीच्या घरी लपून बसली होती. अक्का नांदेडहून आली. दहावीच्या वर्गातल्या दोस्तांनी गोवऱ्या आणून आगटी लावली, कणसं भाजली. आणि शहात्तर वर्षांची आई पाच वाजल्यापासून शेतात, थंडीत, शाल गुंडाळून बसली होती.

दुसरं काम म्हणजे स्वतःची आठवण नोंदवून ठेवणं. झोपायच्या आधी फोनवर एक-दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करा: लाईट लागायच्या आधी डोक्यात काय चाललं होतं, पहिला चेहरा कुणाचा दिसला, तोंडातून काय निघालं. सकाळपर्यंत ही आठवण इतरांच्या सांगण्यात मिसळून जाते. चार जणांचे व्हिडिओ बघितल्यावर तुम्हाला तुमचा प्रसंग बाहेरून दिसायला लागतो आणि मग मजकूरही बाहेरून पाहिल्यासारखाच लिहिला जातो.

कोणता फोटो घ्यायचा

सगळे ओळीत उभे राहून कॅमेऱ्याकडं बघतायत असा फोटो या मजकुरासाठी कामाचा नाही. तो पुढं जोडा. पहिला फोटो लाईट लागल्यापासूनच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांतला हवा, मग तो थोडा हललेला असला तरी चालेल. चेहऱ्यावर धक्का आणि हातात त्या थापेची खूण, म्हणजे आपल्याकडं टेस्टर, एवढं दिसलं की पुरे. व्हिडिओ असेल तर तो थांबवून त्यातलं चित्र घेता येतं. पाहुण्यांच्या ताटातलं, कुणाच्या हातातल्या पेल्यातलं काय दिसतंय तेही बघून घ्या. आणि आईचे डोळे भरलेत असा जवळून घेतलेला फोटो असेल तर टाकण्याआधी तिला दाखवा.

फोटोत जे दिसतं ते मजकुरात पुन्हा लिहायचं नाही. "माझ्या चेहऱ्यावरून कळतंच आहे" अशी वाक्यं वाया जातात. फोटोत जे दिसत नाही ते लिहा: एक मिनिट आधी तुम्ही काय समजत होतात, आणि तुमच्या नकळत कुणी काय केलं. पहिल्यातून धक्का पोचतो, दुसऱ्यातून कृतज्ञता. मजकुराला या दोनच गोष्टी लागतात आणि त्या याच क्रमानं यायला हव्यात. आभार आधी आले की पुढचा धक्का खोटा वाटतो, कारण शांतपणे आभार मानणारा माणूस गडबडलेला नसतो.

पहिला मसुदा आणि तो का फसतो

बहुतेकांच्या हातून पहिल्यांदा असं काहीतरी उतरतं:

"आज माझ्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त माझे कुटुंबीय व मित्रपरिवाराने आयोजित केलेल्या सरप्राईज पार्टीने मी अक्षरशः भारावून गेलो. वेळात वेळ काढून उपस्थित राहिलेल्या सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपले प्रेम असेच राहू द्या. मी सदैव आपल्या ऋणात राहू इच्छितो."

यात शुद्धलेखनाची चूक नाही आणि भावनाही खरी असेल. पण हा मजकूर सोसायटीच्या निवडणुकीत निवडून आलेल्या कुणाच्याही नावानं चालेल. "आयोजित केलेल्या" या शब्दानं पार्टी ठरवून झालेला कार्यक्रम होते आणि अचानकपणा तिथंच संपतो. "भारावून गेलो" हा निष्कर्ष आहे. वाचणाऱ्याला कशानं भारावलात ते दिसलं पाहिजे, शब्द तो स्वतः शोधेल. "उपस्थित राहिलेल्या" म्हटलं की रात्रभर बसमध्ये बसलेली लेक आणि पाच मिनिटं डोकावून गेलेला ओळखीचा माणूस एकाच रांगेत बसतात. लेक हे वाचते तेव्हा तिला काही वाटत नाही, कारण त्यात ती नसतेच.

मसुदा तपासायची खात्रीची खूण अशी: मजकुरातला वाढदिवस काढून तिथं "निवडीबद्दल" किंवा "सेवापूर्तीनिमित्त" असा शब्द ठेवा. वाक्य तरीही जसंच्या तसं चाललं, तर ते वाक्य तुमचं नाही. खोडून टाका.

पहिली ओळ

इन्स्टाग्रामवर एका फोटोखाली २२०० कॅरेक्टरपर्यंत लिहिता येतं, पण फोटो सरकवत जाणाऱ्याला साधारण पहिली सव्वाशेच दिसतात. बाकीचं वाचायला बोट लावावं लागतं. त्यात मराठीची अडचण अशी की फोन प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडायची खूण वेगळी मोजतो. "स्टार्टर" हा डोळ्याला तीन-चार अक्षरांचा शब्द, पण मोजणीत तो आठ भरतो. म्हणजे मराठीत तुमच्या हाती पंधरा-वीस शब्द येतात. ते "सर्वप्रथम" आणि "निमित्तानं" यांत घालवू नका.

या पंधरा-वीस शब्दांत थाप आणि धक्का दोन्ही बसवायचे. कृती अशी आहे. पहिल्या वाक्यात तुम्ही काय समजून निघाला होतात ते सरळ सांगा, जणू पुढं काही होणारच नाही. दुसऱ्या, त्याहून छोट्या वाक्यात ते उलटं करा.

"मोटार चालंना म्हणून टेस्टर घेऊन शेतात पळालो. मोटार चालू होती. बंद मीच पडलो!"

यात "सरप्राईज" हा शब्द कुठंच नाही. तो पहिल्या ओळीत आला की वाचणाऱ्याला शेवट कळतो आणि तुम्हाला बसलेला धक्का त्याला बसत नाही. उद्गारचिन्ह एकच, आणि तेही शेवटी. चार-पाच लावली की आवाज मोठा होतो पण धक्का वाढत नाही. "विश्वासच बसत नाही", "शब्दच नाहीत" हेही पहिल्या ओळीत नको. शब्द नाहीत असं म्हणून पुढं दोनशे शब्द लिहिले की वाचणारा तुमच्यावर विश्वास ठेवत नाही.

धक्का पुढं कसा न्यायचा

पहिल्या ओळीनंतर दोन पावलं मागं जा आणि दिवस सांगा, पण तीन-चार वाक्यांतच. सकाळपासून कुणी शुभेच्छा दिल्या नाहीत म्हणून मन खट्टू झालं होतं, हे लिहायला लोक लाजतात. लिहावं. तेवढ्या एका वाक्यानं संध्याकाळचं सगळं मोठं होतं. फक्त कुणाचं नाव घेऊन तक्रार करू नका. "बायकोनंही विचारलं नाही" असं लिहिलं की ती वाचताना आधी दुखावते आणि मग हसते, आणि तिची सासरची-माहेरची माणसं पहिल्या भागावरच अडकतात. "घरात कुणी नाव काढलं नव्हतं" एवढं पुरतं.

मग तो क्षण. इथं शरीर काय करत होतं ते लिहा, मनाला काय वाटलं ते नाही. "पाय जागेवरच राहिले", "टेस्टर हातातच राहिला", "तोंडातून शब्द फुटंना". माणसं ज्या क्रमानं दिसली त्याच क्रमानं येऊ द्या आणि जिच्यामुळं सगळ्यात जास्त धक्का बसला ती व्यक्ती शेवटी ठेवा. आपल्याकडं ती लेक आहे.

बोलीचा प्रश्न इथंच येतो. मराठवाड्यातला माणूस घरात "कळायलंय", "पडायलंय", "फुटंना", "कामून" असंच बोलतो, आणि धक्का बसल्यावर तर तेच तोंडात येतं. ते तसंच लिहा. दुसऱ्याचं वाक्य असेल तर त्याच्या तोंडचंच ठेवा. मामा "मालक, स्टार्टर सारखं पडायलंय" असं म्हणाले असतील, तर "स्टार्टर वारंवार बंद पडत आहे" असं सुधारून लिहिलं की मामा त्यातून निघून जातात. पण रोज प्रमाण भाषेत बोलणाऱ्यानं केवळ गंमत म्हणून प्रत्येक वाक्यात बोली घालू नये. मग ते शेतावरच्या माणसाची नक्कल केल्यासारखं दिसतं, आणि मामांच्या घरचेही हा मजकूर वाचणार असतात.

आभार कामाचे माना

कृतज्ञतेत "आभार" हा शब्द एकदा आला तरी चालेल, न आला तरी अडत नाही. कुणी काय केलं ते जसंच्या तसं लिहिणं हेच आभार असतात. "माझ्या गोड लेकीचे खूप आभार" यापेक्षा "लेक रात्रभर बसनं आली आन् दिवसभर मावशीच्या घरी लपून बसली" हे जड आहे, कारण त्यातून कळतं की तिनं काय सोसलं हे तुम्हाला माहीत आहे. आधी गोळा केलेली माहिती इथं लागते.

एका माणसाला एक काम आणि एक वाक्य. विशेषणं लागली तर समजा की माहिती कमी पडली. फोन उचला आणि विचारा.

नावांच्या यादीचं काय? आपल्याकडं यादी केली की मानपान आलाच. वीस नावं लिहिली तर एकविसावा रुसतो, आणि मेहुण्याचं नाव साडूच्या नंतर आलं तरी चर्चा होते. म्हणून नावं फक्त कामाला चिकटलेली घ्या आणि बाकीच्यांना त्यांच्या कामाच्या गटानं घ्या: "आगटी लावणारे दोस्त", "चटण्या वाटून आणणाऱ्या वहिनी". गटात प्रत्येकाला स्वतःची जागा सापडते. इन्स्टाग्रामवर एका फोटोत वीस जणांना टॅग करता येतं, तेव्हा नावं तिथं ठेवा आणि मजकूर मोकळा राहू द्या.

यापेक्षा मोठी चूक दुसरीच आहे आणि ती फार चांगल्या भावनेतून होते. "माझी सगळी जवळची माणसं तिथं होती" असं वाक्य सहज लिहिलं जातं. पाहुण्यांची यादी तुम्ही केलेली नव्हती. घरच्यांनी घाईत, गुपचूप केली होती. त्यात कुणीतरी राहिलेलं असणारच. सेलूचा चुलत भाऊ, बाजूचा दुकानदार, वर्गातले दोघं. ते हे वाक्य वाचतात आणि त्यांना कळतं की आपण जवळचे नाही. म्हणून "सगळे", "प्रत्येक जण", "कुणीच राहिलं नाही" हे शब्द शोधून काढून टाका आणि न आलेल्यांसाठी एक उघडं दार ठेवा. हुरड्याच्या दिवसांत हे सोपं आहे: शेत तिथंच आहे, कणसं अजून आहेत, बोलावून टाका. पण वाक्य लिहिलं की ते पाळावं लागतं. ज्वारी कडक व्हायला किती दिवस उरलेत ते मामांना विचारूनच लिहा.

पूर्ण मजकूर

"मोटार चालंना म्हणून टेस्टर घेऊन शेतात पळालो. मोटार चालू होती. बंद मीच पडलो!

सकाळपासून घरात कुणी वाढदिवसाचं नाव काढलं नव्हतं. म्हटलं, पन्नाशीत कोण लक्षात ठेवतंय. संध्याकाळी मामांचा फोन आला, 'मालक, स्टार्टर सारखं पडायलंय.' विहिरीपाशी पोचलो आन् एकदम लाईट लागली. दहावीचे दोस्त दिसले, मग नांदेडची अक्का, आन् तिच्या मागं आमची लेक, जिला सुट्टीच नव्हती. शब्द फुटंना. फोटो त्याच वेळचा आहे.

आता एकेक कळायलंय. बायकोनं तीन आठवडे हे सगळं पोटात ठेवलं. लेक रात्रभर बसनं आली आन् दिवसभर मावशीच्या घरी लपून बसली. दोस्तांनी आगटी लावली, कणसं भाजली, मला एकही चोळू दिलं नाही. मामा आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी खोटं बोलले, तेही मेहुण्यांच्या सांगण्यावरून. आन् आई पाचपासून थंडीत बसून माझी वाट बघत होती.

दुसऱ्यासाठी लोक एवढं करतात, हे बघितलं होतं. माझ्यासाठी करतील असं कधी मनात आलं नव्हतं.

हुरडा अजून आठ-दहा दिवस आहे. काल ज्यांना निरोप पोचला नाही त्यांनी सरळ शेतात यावं, आगटी मी लावतो."

यात मेहुण्याच्या डोक्यातली कल्पना आणि मामांचा फोन एकाच वाक्यात बसवलेत, आणि मामा पुढं ठेवलेत. थाप सुचवणं सोपं असतं. मालकाशी कधी खोटं न बोललेल्या माणसाला ती मारणं अवघड जातं. अशी निवड तुम्हालाही करावी लागेल: ज्याला जास्त जड गेलं त्याला कर्ता करा. "माझ्यासाठी करतील असं कधी मनात आलं नव्हतं" हे वाक्य एकदाच आणि कामांच्या नंतरच चालतं. आधी आलं असतं तर ते कौतुक मागितल्यासारखं दिसलं असतं. आणि "निरोप पोचला नाही" या शब्दांनी कुणी वगळलं, कुणी विसरलं याची चर्चाच उरत नाही.

छोटा मजकूर हवा असेल तर

व्हॉट्सॲप स्टेटस चोवीस तासांत जातं आणि लोक ते दोन-चार सेकंद बघतात. तिथं धक्क्याची पहिली ओळ आणि एकाच माणसाचं काम, एवढंच घ्या. दुसरा प्रसंग बघा. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई सेवानिवृत्त होणार, सहकाऱ्यांनी सांगितलं की तपासणी आहे, आणि वर्गात आले ते जुने विद्यार्थी.

"तपासणी आहे म्हणून सगळं दप्तर काढून बसले होते. तपासायला आली ती माझीच सव्वीस वर्षांपूर्वीची पोरं! एक जण तर हजेरीतला स्वतःचा नंबर अजून पाठ करून आलाय."

इथं आभाराचा शब्द नाही, पण पोरगा वाचतो तेव्हा त्याला कळतं की बाईंच्या लक्षात काय राहिलं. स्टेटसवर जागा उरली म्हणून त्याखाली "धन्यवाद" जोडू नका. धन्यवाद प्रत्येकाला वेगळा फोन करून सांगा.

व्हॉट्सॲपवर शब्द ठळक करायला दोन्ही बाजूंना चांदणीची खूण देतात. तोच मजकूर इन्स्टाग्रामवर चिकटवला की त्या खुणा तशाच दिसतात, तेव्हा काढून टाका. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पाठवलेला मजकूर दुरुस्त करायला पंधराच मिनिटं मिळतात, म्हणून नाती आणि नावं आधी बघून घ्या. इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर नंतरही दुरुस्ती करता येते.

आधीच कळलं होतं तर

पोरांचं कुजबुजणं ऐकून किंवा कुणाच्या तोंडून निसटून अंदाज आलेला असेल, तर न कळल्याचं नाटक मजकुरात करू नका. ज्याच्या तोंडून निसटलं तो तरी ओळखतोच. तुम्हाला जे खरंच माहीत नव्हतं ते शोधून धक्का तिथं ठेवा: "काहीतरी शिजतंय एवढं कळलं होतं. पण अक्का नांदेडहून येईल, हे मनातही आलं नव्हतं." हा धक्का खरा आहे, म्हणून छोटा असला तरी पोचतो. मात्र गुपित कुणी फोडलं ते लिहू नका, त्याचं नाव फोटोतही टॅग करून सूचित करू नका. घरचे ते वर्षभर त्याला ऐकवत राहतात.

कधी टाकायचं

त्याच रात्री टाकायची घाई नको. रात्री माहिती अर्धी असते आणि शेतातून, लोक अजून तिथं असताना, ठिकाणासकट फोटो टाकला की घरी कुलूप आहे हे सगळ्यांना कळतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मसुदा लिहा, संध्याकाळी एकदा मोठ्यानं वाचा. जिथं जीभ अडखळते तिथं छापील शब्द शिरलेला असतो. टाकण्याआधी मजकूर कट रचणाऱ्या मुख्य माणसाला दाखवा, कारण कुणाचं काम राहिलंय हे त्यालाच ठाऊक असतं. आणि आईकडं फोन नसेल तर तिला तिच्याबद्दलचं वाक्य वाचून दाखवा, मगच बटण दाबा.